बाईंचा दुसरा नंबर

जयसिंगपूरच्या एका माध्यमिक शाळेत तेहतीस वर्षे गणित शिकवून बाई २०११ साली निवृत्त झाल्या. आज त्यांचे वय ७१ आहे. हिशेबाची वही अजून रोज लिहितात. दूधवाल्याचा, गॅसचा, औषधांचा खर्च तारीखवार मांडलेला असतो, आणि निवृत्तिवेतन ज्या दिवशी खात्यात जमा होते त्या दिवसाखाली त्या तांबड्या शाईने रेघ ओढतात. अशा काटेकोर बाईंना २०२४ सालच्या दिवाळीनंतर आपल्याच निवृत्तिवेतनाच्या पोर्टलमध्ये शिरता येईना. कारण विचारले तर घरातील प्रत्येक जण एकच सांगे : "फोन बदलला ना, म्हणून." हे उत्तर अर्धे खरे होते. त्या अर्ध्या खऱ्या उत्तरापायी चार दिवस वाया गेले, आणि आणखी थोडा वेळ गेला असता तर मोठीच अडचण उभी राहिली असती.

जुना फोन ऑगस्टमध्ये बिघडला. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते. १५ ऑगस्टची सुटी असल्याने मुलाने त्याच दिवशी नवा फोन आणला, जुन्यातील सिमकार्ड काढून नव्यात घातले, नातवाने आजीचे फोटो आणि नातेवाइकांचे क्रमांक उतरवून दिले. फोन लागत होता, भजने ऐकू येत होती, पुण्याच्या भाच्याशी चित्रासह बोलणे होत होते. फोन बदलण्याचे काम पुरे झाले असे सर्वांनी मानले. जुना फोन कपाटाच्या खणात गेला.

नोव्हेंबर हा राज्यातील निवृत्तिवेतनधारकांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. ३० तारखेच्या आत दाखला पोहोचला नाही तर पुढचे निवृत्तिवेतन थांबते. ते रद्द होत नाही. दाखला पोहोचला की थांबलेली रक्कमही मिळते. पण ज्या घरात औषधांची बिले त्याच रकमेतून भागतात, तेथे एक महिना थांबणे हेही लहान नसते. मागच्या वर्षी हे सारे भाच्याने बाईंच्या जुन्या फोनवर पाच मिनिटांत करून दिले होते. भाचा हुशार, कामाचा उरक दांडगा. त्याने पोर्टलही उघडून दिले, दाखलाही काढून दिला आणि "मावशी, झालं बघ" म्हणून चहा घेऊन गेला. कोणते काम कोठे झाले, कोणता संकेतशब्द ठेवला, कोणता नंबर दिला, हे बाईंना ठाऊक नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो सगळा एकच व्यवहार होता.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी नव्या फोनवर पोर्टल उघडले. पडद्यावर वापरकर्त्याचे नाव आणि संकेतशब्द विचारणारे दोन रिकामे रकाने आले. जुन्या फोनवर हे रकाने नेहमी आपोआप भरलेले असत. बाईंची समजूत अशी की पोर्टल आपल्याला ओळखते. वस्तुतः पोर्टल त्यांना ओळखत नव्हते. जुन्या फोनने तो संकेतशब्द आपल्या पोटात जपून ठेवला होता आणि प्रत्येक वेळी तोच तो पुढे करीत होता. फोन गेला, त्याबरोबर ती आठवणही गेली. फोन बदलल्यामुळे जे खरोखर हरवले ते एवढेच.

यावर उपाय साधा असतो. 'संकेतशब्द विसरलात' या ओळीवर बोट ठेवले की पोर्टल मोबाईलवर ओटीपी पाठवते आणि नवा संकेतशब्द ठेवू देते. सूनबाईंनी तसे केले. ओटीपी आला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा केले. आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेटवर्क चांगले असते म्हणून गच्चीवर जाऊन केले, तरी नाही. नव्या फोनचाच दोष असावा, असे ठरून तो दुकानदाराला दाखवून आणला. दुकानदाराने फोन बंद करून पुन्हा चालू केला आणि ठीक असल्याचा निर्वाळा दिला. फोन ठीकच होता.

तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधला. जो पहिला दिसला त्यावर फोन लावला. पलीकडचा माणूस अत्यंत आदबीने बोलला. "माताजी, आपली पेन्शन बंद व्हायला आली आहे, पण आपण काळजी करू नका," असे म्हणून त्याने बाईंचे नाव, बँकेचे नाव आणि खात्याचा क्रमांक विचारून घेतला. मग एक अ‍ॅप उतरवायला सांगितले. सूनबाईंना ते जमेना, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या, आता एक ओटीपी येईल, तेवढा वाचून दाखवा."

आणि ओटीपी आला! तीन दिवस ज्याची वाट पाहिली तो एका मिनिटात आला. सूनबाई आकडे वाचणार, एवढ्यात बाईंनी फोन हातात घेतला. गणिताच्या शिक्षकाला उदाहरण पूर्ण वाचल्याशिवाय उत्तराकडे वळायची सवय नसते. त्यांनी संदेश पहिल्या शब्दापासून वाचला. त्यात पोर्टलचे नाव नव्हते. बँकेचे नाव होते आणि नेट बँकिंगची नोंदणी करण्यासाठी हा क्रमांक आहे, तो कोणालाही सांगू नये, असे लिहिले होते. बाईंनी फोन ठेवून दिला. त्यानंतर त्या क्रमांकावरून सात वेळा फोन आला. तो घेतला नाही. बाईंनी लगेच शाखेत जाऊन घडलेला प्रकार सांगितला आणि खात्यावर नेट बँकिंग सुरू झालेले नाही याची खात्री करून घेतली. ओटीपीच्या आकड्यांच्या मागेपुढे जी एक ओळ असते ती वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. तो कोणी पाठवला आणि कशासाठी पाठवला हे त्या ओळीतच सांगितलेले असते.

या प्रसंगातून एक गोष्ट मात्र कळायला हवी होती, ती घाबरलेल्या घरात कोणाच्या लक्षात आली नाही. बँकेचा ओटीपी नव्या फोनवर तत्काळ आला, याचा अर्थ फोन, सिम आणि नेटवर्क तिन्ही चोख होते. मग पोर्टलचाच ओटीपी तेवढा कोठे जात होता?

हे कोडे उलगडले बाजारपेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानदाराने. तो बाईंचा जुना विद्यार्थी. ६ नोव्हेंबरला बाई सुनेबरोबर कुकरचे झाकण बदलायला त्याच्याकडे गेल्या असता विषय निघाला. त्याने गिऱ्हाईक मुलाकडे सोपवले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "बाई, माझ्यासमोर एकदा करून दाखवा बरं."

सूनबाईंनी नेहमीप्रमाणे केले. 'नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे' असा संदेश पडद्यावर आला. दुकानदाराने तो संदेश बोटाने तसाच धरून ठेवला. त्यात मोबाईल क्रमांकाचे पहिले आठ आकडे फुल्यांनी झाकलेले होते आणि शेवटी ४७ दिसत होते.

"बाई, तुमचा नंबर किती?"

बाईंनी सांगितला. त्याच्या अखेरीस १२ होते.

"मग हा ४७वाला कुणाचा?"

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांनी घेतला होता तो. निवृत्तीच्या वेळी. सगळ्या कागदांवर तोच आहे."

दुकानदाराला हे चटकन सुचले यात नवल नाही. जीएसटी सुरू झाला तेव्हा अनेक व्यापाऱ्यांनी नोंदणी हिशेबनिसाकडून करून घेतली आणि हिशेबनिसाने सोयीसाठी आपलाच मोबाईल क्रमांक व ईमेल लिहिला. पुढे माणूस बदलला, आणि आपल्याच पेढीच्या खात्यात शिरण्यासाठी जुन्या हिशेबनिसाला ओटीपी मागत बसण्याची वेळ मालकावर आली. या दुकानदाराने तो अनुभव घेतलेला होता. पोर्टल माणूस पाहत नाही, फोनही पाहत नाही; त्याच्या दप्तरी लिहिलेला दहा आकडी क्रमांक तेवढा पाहते.

जुन्या फोनमध्ये सिमच्या दोन जागा होत्या. एकात बाईंचा रोजचा नंबर, दुसऱ्यात यजमानांनी घेतलेला ४७चा नंबर. यजमान २०२१ मध्ये गेले. त्या नंबरवर बोलणे कोणाशी होत नसे, पण सरकारी संदेश सारे त्यावर येत. एकाच फोनवर दोन्ही येत असल्याने कोणता संदेश कोणत्या नंबरवर आला हे पाहण्याचे कारण कधी पडले नाही. १५ ऑगस्टला मुलाने वरचे सिम काढले. खालचे तसेच राहिले.

आता दुकानदाराच्या चेहऱ्यावरची काळजी वाढली. त्याने विचारले, "त्या नंबरवर शेवटचं रिचार्ज कधी केलंत?" ते कोणालाच आठवेना. प्रीपेड नंबरचा नियम असा आहे की सलग नव्वद दिवस त्यावर कोणताही वापर झाला नाही, म्हणजे फोन, संदेश वा इंटरनेट काहीच नाही, आणि शिल्लक वीस रुपयांपेक्षा कमी असेल, तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. शिल्लक वीस वा अधिक असेल तर वीस रुपये कापून आणखी तीस दिवस तो राखला जातो. बंद झालेल्या नंबरसाठी पंधरा दिवसांची सवलत असते. ती संपल्यावर नंबर कंपनीकडे परत जातो आणि कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. मग या बाईंच्या निवृत्तिवेतनाचा ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो!

बाईंनी तिथेच बोटांवर दिवस मोजले. ऑगस्टचे सोळा, सप्टेंबरचे तीस, ऑक्टोबरचे एकतीस आणि नोव्हेंबरचे सहा : एकूण त्र्याऐंशी. नव्वदीला सात दिवस उरले होते.

"नंबर गेला असता तर डुप्लिकेट सिम काढता आलं असतं की," सूनबाई म्हणाल्या.

"वहिनी, नंबर साहेबांच्या नावावर आहे," दुकानदार म्हणाला. "डुप्लिकेटला ज्याच्या नावावर सिम त्यालाच समोर उभं राहावं लागतं."

ही अडचण आपल्या घरांतून फार आढळते. सिम घेताना घरातील कर्ता पुरुष आपला कागद देतो आणि चार नंबर घरात वाटतो. तो हयात असेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. तो गेल्यावर नंबर वारसाच्या नावे करून घ्यावा लागतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाची ओळखपत्रे आणि इतर वारसांची संमती द्यावी लागते. सिम खराब होईपर्यंत हे काम कोणी करीत नाही. आणि सिम बदलून मिळाले तरी पहिले चोवीस तास त्यावर संदेश येत वा जात नाहीत. दुसऱ्याच्या नंबरचे सिम फसवून काढणाऱ्यांना अडवण्यासाठी ही तरतूद आहे. पण ज्याला ती ठाऊक नसते तो नवे सिमही बिघडलेले म्हणून पुन्हा दुकानाची पायरी चढतो.

बाईंच्या सुदैवाने सिम शाबूत होते. त्याच संध्याकाळी खणातून जुना फोन काढला, सिम पुसून नव्या फोनच्या दुसऱ्या जागेत घातले आणि दुकानदाराने कमीत कमी रकमेचे रिचार्ज केले. काही मिनिटांत पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात सिग्नलच्या दांड्या दोन ठिकाणी दिसू लागल्या. पोर्टलवर पुन्हा ओटीपी मागवला. तो आला. बाईंनी आधी पूर्ण संदेश वाचला, मग आकडे टाकले, नवा संकेतशब्द ठेवला आणि तो हिशेबाच्या वहीत न लिहिता वेगळ्या कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवला.

पोर्टल उघडले. मागील महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या दिसल्या, महागाई वाढीची रक्कम जुळली. आणि तेव्हा बाईंना दुसरी गोष्ट कळली, जी पहिल्या दिवशीच कळती तर चार दिवस त्यांची झोप उडाली नसती. हयातीच्या दाखल्याचा या पोर्टलशी काही संबंधच नव्हता!

मागच्या वर्षी भाच्याने दाखला काढला होता तो केंद्र सरकारच्या 'जीवन प्रमाण' या वेगळ्या सेवेतून. ही सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. आधी बोटांच्या ठशांवर चाले. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. त्यासाठी जुना फोन लागत नाही, जुना नंबर लागत नाही आणि पोर्टलचा संकेतशब्दही लागत नाही. आधार क्रमांक, पीपीओचा क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, संदेश येईल असा कोणताही एक मोबाईल आणि स्वतःचा चेहरा एवढे पुरते.

७ तारखेला दुकानदाराचा मुलगा बाईंच्या घरी आला. त्याने फोनवर `AadhaarFaceRD` आणि `Jeevan Pramaan` अशी दोन अ‍ॅप उतरवली. पहिले चेहरा टिपते, दुसरे दाखला काढते. पहिले नसेल तर दुसरे पुढे सरकत नाही. अ‍ॅप उघडताच त्याने `Operator Authentication` मागितले. येथेही नव्या फोनवर लोक अडतात आणि ही जागा आपली नव्हे, कोणा अधिकाऱ्याची असावी असे समजून माघारी फिरतात. 'ऑपरेटर' म्हणजे त्या फोनवरून दाखला काढून देणारी व्यक्ती, एवढाच त्याचा अर्थ आहे. निवृत्तिवेतनधारक स्वतःच स्वतःचा ऑपरेटर होऊ शकतो. ही ओळख त्या फोनवर एकदाच पटवावी लागते. जुन्या फोनवर ती भाच्याने आपल्या चेहऱ्याने पटवली होती. फोन बदलल्यावर ती नव्याने पटवणे आले. या वेळी बाईंनी स्वतःचा चेहरा दाखवला.

त्यानंतर निवृत्तिवेतनधारक म्हणून त्यांचीच माहिती पुन्हा भरायची होती. मोबाईल क्रमांकाच्या जागी त्यांनी १२चा दिला. त्यावर ओटीपी आला. पुढच्या रकान्यात मुलगा थबकला. निवृत्तिवेतन कोणते, मंजूर करणारे कार्यालय कोणते, वाटप करणारे कार्यालय कोणते, असे विचारले होते. पैसे बँकेत येतात म्हणून त्याचे बोट बँकेच्या नावाकडे गेले होते. बाईंनी थांबवले आणि पीपीओची प्रत समोर ठेवली. त्यांच्या निवृत्तिवेतनाचे वाटप राज्याचे कोषागार करते. बँक केवळ खाते सांभाळते. हा रकाना चुकला तरी दाखला तयार होतो, संदेशही येतो, पण तो चुकीच्या कार्यालयाच्या दारात जाऊन पडतो आणि पुढे निवृत्तिवेतन थांबल्यावर कळते. 'जीवन प्रमाण'मधील ही चूक ओटीपी न येण्याहून अधिक घातक आहे, कारण ती करताना काही बिघडल्याचे जाणवत नाही.

चेहरा टिपताना चष्मा काढावा लागला. दिवाणखान्यात पाठीमागे खिडकी होती, त्यामुळे चेहरा काळा दिसत होता. दोनदा नकार आला. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या, पडद्यावर सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून उघडले आणि तिसऱ्या वेळी काम झाले. प्रमाण क्रमांकाचा संदेश आला. तो क्रमांक घालून `jeevanpramaan.gov.in` वरून दाखल्याची प्रत काढली. त्यावर नाव, पीपीओ क्रमांक आणि वाटप करणारे कार्यालय बरोबर आहे हे बाईंनी भिंगातून तपासले.

आणि हेही जमले नसते, तरी काही अडणार नव्हते. कोषागाराकडून बँकेच्या शाखेत यादी येते. नोव्हेंबरात जाऊन आपल्या नावापुढे स्वाक्षरी करण्याची जुनी पद्धत बंद झालेली नाही. बाईंची शाखा घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. फसव्या फोननंतर त्या तेथे जाऊन आल्या, तेव्हा ती यादी त्याच टेबलावर होती. कोणी विचारले नाही, म्हणून कोणी सांगितले नाही.

उरले ते नंबरचे काम. बाईंनी पोर्टलवरील नंबर बदलून १२चा करण्यासाठी साधा लेखी अर्ज लिहिला. त्याला पीपीओची, आधारची आणि बँक पुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडली. पुढच्या सोमवारी मुलाबरोबर कोल्हापूरला जाऊन तो कोषागारात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. बँकेतही आपल्या खात्याला कोणता मोबाईल जोडला आहे ते विचारून आल्या; तो १२चाच निघाला, आणि त्या भामट्याने मागवलेला ओटीपी नव्या फोनवर का आला याचाही उलगडा झाला.

४७चे सिम मात्र त्यांनी काढून टाकलेले नाही. पोर्टलवर नवा नंबर दिसेपर्यंत ते राहणार. दर महिन्याच्या खर्चाच्या पानावर आता त्याच्या रिचार्जची एक ओळ असते, आणि ते नावावर करून घेण्याचे कागद मुलाने जमवायला घेतले आहेत; एका नणंदेची सही तेवढी यायची आहे.